विकलेल्या गाडीचा तोटा कोणाच्या खाती?

धंद्यातली गाडी विकली की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात नफा झाला की तोटा? गाडी दहा लाखांना घेतली होती, चार वर्षे वापरली, चार लाखांना गेली. कागदावर तिची किंमत सव्वापाच लाखांच्या आसपास उरली होती, म्हणजे सव्वा लाखाचा तोटा झाला, आणि तो यंदाच्या उत्पन्नातून वजा होणार, असे त्याने मनात धरलेले असते. मग सीए सांगतात की प्राप्तिकराच्या हिशेबात असा तोटा धरताच येत नाही. मालकाला हे पटत नाही. पैसे खरोखर गेलेले आहेत, गाडी धंद्यासाठीच घेतली होती, मग तोटा गेला कुठे?

तोटा कुठेही गेलेला नसतो. तो मालमत्तांच्या गटात, ज्याला सगळे ब्लॉक म्हणतात त्यात, मुरलेला असतो आणि पुढची अनेक वर्षे घसाऱ्याच्या रूपाने थोडाथोडा बाहेर येत राहतो. चालू धंद्यासाठी ही व्यवस्था वाजवी आहे, असे माझे मत आहे. पण गटातली शेवटची वस्तू विकली जाते तेव्हा हीच व्यवस्था लहान व्यावसायिकावर उघड अन्याय करते, आणि त्या अन्यायाला पुरेसे कारण कायद्यापाशी नाही. दोन्ही गोष्टी समजून घ्यायच्या तर आधी ब्लॉक चालतो कसा ते पाहावे लागेल.

पूर्वी प्रत्येक वस्तूचा हिशेब वेगळा असे. गाडी तिच्या उरलेल्या किमतीपेक्षा कमी पैशांत विकली तर तुटीची रक्कम धंद्याच्या उत्पन्नातून वजा होई. जास्त पैसे आले तर मूळ खरेदी किमतीपर्यंतचा फरक धंद्याचे उत्पन्न म्हणून करपात्र ठरे, कारण तेवढा घसारा आधी जास्त घेतला गेला होता, असा त्यामागचा विचार होता. हे न्याय्य होते, पण किचकटही होते. कारखान्यातल्या प्रत्येक मोटरीचा, प्रत्येक लेथचा, प्रत्येक गाडीचा जन्मापासूनचा घसारा वेगळा मांडायचा आणि अधिकाऱ्याने तो एकेक करून तपासायचा. लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखालील आर्थिक प्रशासन सुधारणा आयोगाने या पद्धतीतल्या वेळखाऊ नोंदींवर बोट ठेवले होते. १९८६ मध्ये कायदा बदलला आणि १ एप्रिल १९८८ पासून, म्हणजे १९८८-८९ या करनिर्धारण वर्षापासून, ब्लॉकची पद्धत लागू झाली.

या पद्धतीत एकाच वर्गातल्या आणि एकाच घसारा दराच्या सगळ्या वस्तू एका गटात जातात. गाडी कायद्याच्या दृष्टीने ‘प्लांट’ आहे. स्वतःच्या धंद्यासाठी वापरलेल्या मोटारीचा दर १५ टक्के, आणि सर्वसाधारण यंत्रांचाही १५ टक्केच. म्हणून मोटार वेगळी राहत नाही, ती यंत्रांच्याच गटात जाऊन बसते. भाड्याने चालणाऱ्या ट्रक, बस आणि टॅक्सीचा दर ३० टक्के, त्यामुळे त्यांचा गट वेगळा. वर्षाच्या सुरुवातीची गटाची शिल्लक, अधिक वर्षातली खरेदी, वजा वर्षात विकलेल्या वस्तूंचे आलेले पैसे. जे उरते त्यावर घसारा. गाडीची स्वतःची किंमत या सूत्रात कुठेच येत नाही. तिचे पैसे येतात, ती स्वतः येत नाही.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. सांगलीत हळदीचा व्यापार करणारा एक गृहस्थ आहे असे समजा. हळद पॉलिश करण्याचे यंत्र, दळण्याची चक्की आणि एक मोटार ही त्याची १५ टक्क्यांच्या गटातली मालमत्ता. मोटार मे २०२१ मध्ये दहा लाखांना घेतली. पहिल्या वर्षी दीड लाख घसारा जाऊन साडेआठ लाख उरले. दुसऱ्या वर्षाअखेर ७,२२,५००, तिसऱ्या वर्षाअखेर ६,१४,१२५ आणि ३१ मार्च २०२५ रोजी ५,२२,००६ रुपये. ही तिची कागदावरची किंमत, पण ती फक्त आपण मनाशी वेगळी काढली आहे. त्या दिवशी सगळ्या गटाची शिल्लक १८ लाख होती असे धरू. ऑगस्ट २०२५ मध्ये मोटार चार लाखांना विकली. कागदी किंमत आणि आलेले पैसे यांतला फरक १,२२,००६ रुपयांचा.

आता ब्लॉकचा हिशेब. १८ लाखांतून चार लाख वजा, १४ लाख उरले. त्यावर १५ टक्के म्हणजे २,१०,००० रुपये घसारा. नफा-तोट्याचा उल्लेखच नाही. पण नीट पाहिले तर मोटारीचे सव्वापाच लाख गटात होते आणि बाहेर गेले फक्त चार लाख. बाकीचे १,२२,००६ रुपये, गाडी गेल्यावरही, गटातच राहिले. यंदा त्यातून १८,३०१ रुपये घसारा म्हणून मिळतात, पुढच्या वर्षी १५,५५६, आणि असे कमीकमी होत जातात. पाच वर्षांनंतर निम्म्याहून थोडा जास्त तोटा वसूल झालेला असतो. दहा वर्षांनंतरही जवळजवळ २४ हजार रुपये वसूल व्हायचे राहिलेले असतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर जाऊन एक दशक उलटलेले असते, आणि हा व्यापारी अजून तिच्या तोट्याची शेवटची पै वजा करत असतो.

यावर कोणी म्हणेल की ही तर व्यापाऱ्याची पिळवणूक आहे. मी तसे म्हणणार नाही, कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हीच गाडी सहा लाखांना गेली असती तर कागदी किमतीवर सुमारे ७८ हजारांचा नफा झाला असता. जुन्या पद्धतीत त्यावर त्याच वर्षी कर लागला असता. ब्लॉकमध्ये १८ लाखांतून सहा लाख वजा झाले असते, १२ लाखांवर घसारा मिळाला असता, आणि कर लगेच काहीच नाही. तो नफा पुढच्या वर्षांच्या कमी घसाऱ्यातून हळूहळू सरकारकडे गेला असता. म्हणजे तोटा जसा लांबतो तसा नफाही लांबतो. गाड्या, यंत्रे येत-जात राहणाऱ्या धंद्यात कधी नफा होतो, कधी तोटा, आणि वर्षानुवर्षांच्या हिशेबात एकाची झळ दुसऱ्याने भरून निघते. प्रत्येक विक्रीचा वाद टळतो. हा सौदा दोन्ही बाजूंना परवडणारा आहे.

मात्र हा सौदा वाजवी ठरतो तो कागदावर नीट मांडला तरच. इथे दोन चुका वारंवार होतात, आणि दोन्ही ओळखता येतात. व्यापाऱ्याचे लेखापुस्तक प्रत्येक गाडीचा नफा-तोटा दाखवते, आणि ते बरोबरच आहे. वरच्या उदाहरणात नफा-तोटा पत्रकात १,२२,००६ रुपये ‘मोटार विक्रीवरील तोटा’ म्हणून खर्चात पडतील. प्राप्तिकराचे उत्पन्न काढताना हा खर्च परत मिळवावा लागतो. तो मिळवला नाही आणि ब्लॉकमधून फक्त चार लाखच वजा केले तर एकच तोटा दोनदा घेतला जातो, एकदा आत्ता आणि एकदा घसाऱ्यातून. छाननीत अधिकारी तो अमान्य करतो आणि व्याज वर लागते. उलट गाडी नफ्यात विकली असेल आणि पत्रकात जमा झालेला नफा उत्पन्नातून वजा करायचा राहिला तर त्याच नफ्यावर दोनदा कर भरला जातो. ही उलटी चूक कोणी बाहेरचा दाखवून देत नाही, कारण जास्त कर भरणाऱ्याला नोटीस येत नाही. म्हणून विक्रीच्या वर्षी सीएंच्या हिशेबाच्या कागदावर एकच गोष्ट शोधावी: पत्रकातला विक्रीचा नफा किंवा तोटा तिथे उलट दिशेने दिसतो आहे का? दिसत नसेल तर विचारावे.

दुसरी चूक गाडी बदलताना होते. व्यापाऱ्याने जुनी गाडी वितरकाकडे देऊन नोव्हेंबरमध्ये नवी बारा लाखांची घेतली आणि वरून आठ लाख भरले, असे समजा. वह्यांत बहुतेक वेळा आठ लाखांचीच खरेदी पडते, कारण बँकेतून तेवढेच गेलेले असतात. गटात एकूण फरक एकच वाटतो, पण तो तसा नाही. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलेल्या नव्या वस्तूवर त्या वर्षी निम्मा घसारा मिळतो. बरोबर पद्धत अशी: १८ लाखांतून चार लाख वजा, १४ लाखांवर १५ टक्के म्हणजे २,१०,०००, नव्या बारा लाखांवर साडेसात टक्के म्हणजे ९०,०००, एकूण तीन लाख. आठ लाखांची निव्वळ खरेदी दाखवली तर १८ लाखांवर २,७०,००० आणि आठ लाखांवर ६०,०००, म्हणजे ३,३०,००० घसारा निघतो. तीस हजार जास्त, आणि तेवढेच अमान्य होण्याजोगे. बदलीत दिलेल्या गाडीची ठरलेली किंमत हीच तिची विक्री किंमत, आणि नवीचे पूर्ण बिल हीच तिची खरेदी. दोन्ही नोंदी वेगळ्या हव्यात. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली किंवा चोरीला गेली तर विमा कंपनीकडून आलेले पैसेही असेच गटातून वजा होतात.

इथवर ब्लॉकने गाडीची ओळख पुसून टाकली आणि आपण ते मान्य केले. पण सरकारचाच दुसरा कायदा ती ओळख परत मागतो. मोटारीच्या खरेदीवर ज्याने जीएसटीचे क्रेडिट घेतलेले नाही, आणि बहुतेक धंद्यांना प्रवासी मोटारीवर ते मिळतच नाही, अशा नोंदणीकृत व्यापाऱ्याने घसारा घेतलेली गाडी विकली तर जीएसटी लागतो तो विक्री किंमत आणि गाडीची घसारा वजा किंमत यांतल्या फरकावर. जानेवारी २०२५ पासून हा दर जुन्या गाड्यांना सरसकट १८ टक्के आहे. फरक उणे असेल तर कर नाही. म्हणजे आपल्या व्यापाऱ्याने चार लाखांना विकली तर जीएसटी शून्य, आणि सहा लाखांना विकली तर सुमारे ७८ हजारांवर १८ टक्के, म्हणजे साधारण १४ हजार. पण ही घसारा वजा किंमत काढायला गाडीचा स्वतंत्र हिशेब लागतो. प्राप्तिकरासाठी नको असलेली गाडीनिहाय नोंदवही जीएसटीसाठी मात्र ठेवावी लागते. नोंदींचा भार कमी करणे हे ब्लॉकचे मूळ कारण होते. ते कारण आज पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही, एवढे इथे लक्षात ठेवू.

आता गटाच्या दोन टोकांकडे येऊ. खरे वाद तिथे उभे राहतात.

पहिले टोक म्हणजे विक्रीचे पैसे गटाच्या शिल्लकीपेक्षा जास्त येणे. हे ट्रकवाल्यांना फार घडते, कारण ३० टक्के दराने कागदी किंमत झपाट्याने उतरते आणि बाजारातली किंमत तितकी उतरत नाही. वीस लाखांचा ट्रक सहा पूर्ण वर्षांनी कागदावर २,३५,२९८ रुपयांचा उरतो. मालकाकडे आणखी एक जुना ट्रक आहे, त्याचे एक लाख उरले आहेत. गटाची शिल्लक ३,३५,२९८. पहिला ट्रक सात लाखांना गेला. शिल्लकीपेक्षा ३,६४,७०२ रुपये जास्त आले. ते अल्पकालीन भांडवली नफा ठरतात, ट्रक सहा वर्षे वापरला असला तरी, आणि त्यावर मालकाच्या नेहमीच्या दराने कर लागतो. शिवाय गटाची किंमत शून्यावर येते. दुसरा ट्रक रस्त्यावर धावत राहतो, पण त्याच्यावर घसारा मिळणे बंद होते.

हा कर टाळण्याचा सरळ मार्ग कायद्यानेच दिला आहे. त्याच आर्थिक वर्षात गटात नवी वस्तू आली तर तिची किंमतही शिल्लकीत मिळते. ३१ मार्चच्या आत २५ लाखांचा ट्रक घेतला तर ३,३५,२९८ अधिक २५ लाख, वजा सात लाख; नफा उरतच नाही. हाच ट्रक १ एप्रिलला घेतला तर यंदाचा कर भरावाच लागतो. तो पुढे जास्त घसाऱ्याच्या रूपाने काही अंशी परत येतो, पण पैसे आज जातात आणि ते परत येईपर्यंत वर्षे लागतात. इथे चॅसिस आणि बॉडी यांची अडचण लक्षात घ्यावी. चॅसिस मार्चमध्ये घेतली, बॉडी बांधून मे महिन्यात नोंदणी झाली, तर तोवर ट्रक वापरात येत नाही, म्हणून मार्चअखेरच्या वर्षाचा घसारा मिळत नाही. आणि मार्चमध्ये खरेदी पूर्ण झाली होती का, हा प्रश्नही अधिकारी काढू शकतो. जुना ट्रक विकायचा असेल तर नव्याचा निर्णय फेब्रुवारीपर्यंत लांबवू नये.

ट्रकवाल्यांमध्ये एक गैरसमजही रुळला आहे. दर ट्रकमागे ठरावीक उत्पन्न धरून कर भरणारे समजतात की घसारा आपण घेतलाच नाही, म्हणून विक्रीवरचा नफाही आपल्याला लागू नाही. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. ठोक उत्पन्नाच्या पद्धतीत घसारा घेतला गेला असेच कायदा धरून चालतो आणि गटाची किंमत दरवर्षी उतरतच असते. आणि ठोक उत्पन्न हे ट्रक चालवण्याचे असते, ट्रक विकण्याचे नसते. विक्रीचा भांडवली नफा त्याच्या वर वेगळा दाखवावा लागतो.

या पहिल्या टोकाविषयी माझी मोठी तक्रार नाही. जास्तीचा घसारा आधी धंद्याच्या उत्पन्नातून वजा झाला होता, आता तो परत घेतला जातो, तोही नेहमीच्याच दराने. अल्पकालीन हे नाव मात्र हिशेबापुरते आहे, हे न्यायालयांनीही सांगितले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने एस बिल्डर्सच्या प्रकरणात २००५ मध्ये आणि गोव्यातल्या व्ही. एस. डेंपो कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी भूमिका घेतली की नफ्याची मोजणी अल्पकालीन पद्धतीने झाली म्हणून दीर्घकाळ जवळ असलेल्या मालमत्तेला मिळणारी गुंतवणुकीची सवलत नाकारता येत नाही. कायद्याने मानून घेतलेली गोष्ट ज्या कामासाठी मानली तेवढ्यापुरतीच धरायची, हे त्यामागचे तत्त्व. ते मला दुसऱ्या टोकाकडे नेते.

दुसरे टोक म्हणजे गटातली शेवटची वस्तू तोट्यात जाणे. चिपळूणमध्ये विम्याच्या दाव्यांचे सर्वेक्षण करणारा एक व्यावसायिक घ्या. कामाचा सारा भार त्याच्या मोटारीवर; गावोगावी अपघाताच्या जागी जाणे हेच काम. त्याच्याकडे लॅपटॉप आणि प्रिंटर आहेत, त्यांचा गट ४० टक्क्यांचा. टेबल-खुर्च्यांचा गट १० टक्क्यांचा. १५ टक्क्यांच्या गटात फक्त मोटार. तीही मे २०२१ मध्ये दहा लाखांना घेतलेली, ऑगस्ट २०२५ मध्ये चार लाखांना विकलेली. गाडी तीच, वर्षे तीच, घसारा तोच, तोटाही तोच १,२२,००६ रुपयांचा.

पण निकाल वेगळा. गटात काहीच उरले नाही, म्हणून गट संपला. यंदाचा घसारा नाही. तोटा अल्पकालीन भांडवली तोटा ठरतो, आणि भांडवली तोटा फक्त भांडवली नफ्यातूनच वजा होतो. धंद्याच्या उत्पन्नातून एक रुपयाही नाही. त्याने यंदा शेअर्स, प्लॉट किंवा फ्लॅट नफ्यात विकला असेल तर तोट्याचा उपयोग आहे. नसेल तर आठ वर्षे पुढे ओढता येतो, तेही यंदाचे विवरणपत्र मुदतीत भरले असेल तरच. आठ वर्षांत भांडवली नफा झाला नाही तर तो तोटा कायमचा बुडाला.

याच माणसाच्या कार्यालयात धंद्याच्या वहीत नोंदलेला एखादा एसी असता, वीस हजार शिल्लक किमतीचा, तर? एसी १५ टक्क्यांच्या गटात येतो. ५,२२,००६ अधिक २०,००० वजा चार लाख, म्हणजे १,४२,००६ रुपये गटात उरले असते. यंदा २१,३०१ रुपये घसारा, आणि पुढेही चालू. मोटारीचा तोटा त्या एसीच्या नावाने धंद्याच्या उत्पन्नातूनच वजा होत राहिला असता. एका एसीमुळे सव्वा लाखाच्या तोट्याचे स्वरूपच बदलते. सांगलीच्या व्यापाऱ्याचा तोटा धंद्याचा, आणि चिपळूणच्या सर्वेक्षकाचा तोटा भांडवली. दोघांच्या गाडीत काही फरक नाही, वापरात नाही, सचोटीत नाही. फरक फक्त शेजारी दुसरी वस्तू आहे की नाही, एवढाच.

याला काय समर्थन आहे? पहिले समर्थन सोपेपणाचे. प्रत्येक वस्तूची स्वतंत्र किंमत काढत बसू नये म्हणून ब्लॉक आला. पण गटात एकच वस्तू असते तेव्हा तिची स्वतंत्र किंमत काढावीच लागत नाही. गटाची शिल्लक हीच तिची किंमत. शेवटची वस्तू गेली की जे उरते तो नेमका तोटा असतो, एका रुपयाचीही शंका न ठेवता. ज्या अडचणीवर उपाय म्हणून नियम केला ती अडचण इथे मुळात नाहीच. मग नियमाचा हा भाग कशासाठी?

दुसरे समर्थन गैरवापराचे. मालक गाडी मुलाच्या नावावर एक लाखात करेल आणि उरलेला तोटा धंद्यातून वजा करेल. ही भीती खरी आहे. पण गाडीच्या किमतीला आज भक्कम पुरावे आहेत. तिची मालकी बदलली की आरटीओत नोंद होते, आणि विम्याच्या पॉलिसीत दरवर्षी घोषित केलेली किंमत लिहिलेली असते. विक्रीची रक्कम तिच्याहून फारच कमी असेल तर अधिकाऱ्याने ती घोषित किंमत धरावी, एवढी तरतूद पुरेशी आहे. काही जण लबाडी करतील म्हणून सगळ्यांचा खरा तोटा अमान्य करणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिसरे समर्थन असे: नफा भांडवली मानला जातो, मग तोटाही भांडवली मानला तर बिघडले कुठे? ऐकायला हे समतोल वाटते, पण तराजू समान नाही. नफ्याला भांडवली म्हटले तरी कर नेहमीच्याच दराने लागतो, म्हणजे सरकारला धंद्याच्या नफ्याइतकेच मिळते. तोट्याला भांडवली म्हटले की तो धंद्याच्या उत्पन्नाजवळ पोहोचतच नाही. नावामुळे एका बाजूचे काहीच जात नाही आणि दुसऱ्या बाजूचे सारे जाऊ शकते. गाडीची झीज हा धंद्याचाच खर्च आहे. तिचे ४,७७,९९४ रुपये घसारा म्हणून धंद्यातून वजा करायला कायद्याने मान्यता दिली. उरलेले १,२२,००६ त्याच झिजेचा उरलेला भाग आहेत. दराने झिजेचा अंदाज कमी केला होता, विक्रीने खरा आकडा दाखवला. अंदाज धंद्याचा आणि खरा आकडा भांडवली, हे तर्कात बसत नाही.

आणि कायद्याला ही गोष्ट अपरिचितही नाही. वीजनिर्मिती किंवा वीजनिर्मिती आणि वितरण दोन्ही करणारे जे उद्योग ब्लॉकऐवजी मूळ किमतीवर सरळ पद्धतीने घसारा घेतात, त्यांना १९६१ च्या कायद्यात वस्तू विकताना राहिलेली तूट धंद्याच्या उत्पन्नातून वजा करता येते. जुन्या पद्धतीतली तरतूद त्यांच्यासाठी जिवंत ठेवली गेली. मोठ्या वीज कंपनीला जे मिळते ते एका मोटारीवर पोट भरणाऱ्याला का मिळू नये?

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाला, भाषा सोपी झाली, कलमांचे आकडे बदलले. ब्लॉकची रचना मात्र तशीच पुढे आली, आणि शेवटच्या वस्तूवरचा हा भेदही तिच्याबरोबर आला. दुरुस्ती एका वाक्याची आहे: गटातल्या सगळ्या वस्तू गेल्यावर शिल्लक उरली तर ती त्या वर्षीच्या धंद्याच्या उत्पन्नातून वजा व्हावी. ब्लॉक मोडायची गरज नाही, नोंदवह्या वाढवायची गरज नाही. सरकारचे उत्पन्न बुडण्याचाही प्रश्न नाही, कारण गटात एखादी वस्तू असलेल्यांना हा तोटा आजही मिळतोच, फक्त सावकाश.

तोवर एकट्या गाडीच्या मालकाने विकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. यंदा किंवा पुढच्या काही वर्षांत आपल्याला भांडवली नफा होणार आहे का? होणार असेल तर गट संपू देणे फायद्याचे ठरू शकते, कारण सगळा तोटा एकदम वापरता येतो. मात्र विवरणपत्राची मुदत चुकवू नये. होणार नसेल तर त्याच वर्षात, ३१ मार्चच्या आत, त्याच दराच्या गटात धंद्याला खरोखर लागणारी वस्तू घ्यावी, मग ती दुसरी गाडी असो वा कार्यालयाचा एसी. नुसती कागदावरची खरेदी चालणार नाही. वस्तू आलेली, वापरात आलेली आणि बिल धंद्याच्या नावाने असलेले हवे. इतकी तजवीज केली की कायदा त्याचा तोटा धंद्याचा मानतो. ज्याला सीए वेळेवर भेटला तो वाचतो आणि ज्याला उशिरा कळले त्याचा खरा तोटा बुडतो. कर किती भरायचा हे धंद्यातल्या नफ्यातोट्यावरून ठरायला हवे, सल्ला कोणाला वेळेत मिळाला यावरून नव्हे. म्हणूनच ही दुरुस्ती व्हायला हवी.